‘निकाली’ या शब्दाचे तीन अर्थ

सरकारी फाईल उघडते तेव्हा ती सर्वांना हवी असते आणि मिटते तेव्हा ती कोणालाच नको असते. लेखापरीक्षेच्या फाईलीचे तर हे विशेष खरे. तपासणी संपलेली असते, अहवाल रवाना झालेला असतो, पथकाला पुढच्या गावची तिकिटे मिळालेली असतात, आणि त्या घाईत एक शेवटचा कागद लिहायचा राहिलेला असतो. आमच्याकडे त्याला बोलीभाषेत ‘क्लोजिंग मेमो’ म्हणतात. सनदी लेखापालांच्या मानकांतही अशा समारोपाच्या टिपणाचा उल्लेख आहे. त्यात तीन गोष्टी असाव्यात अशी अपेक्षा असते: कोणते निष्कर्ष निघाले, कोणते मुद्दे सुटले नाहीत, आणि कोणी कोणी हे सारे तपासून सही केली. दोन-तीन पानांचा हा कागद बहुधा मागच्या वर्षीच्या टिपणात आकडे बदलून तयार होतो. त्या कागदावर आणि विशेषतः त्यातल्या मधल्या भागावर, म्हणजे न सुटलेल्या मुद्द्यांवर, आज थोडे सविस्तर लिहायचे आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. आमच्या क्लोजिंग मेमोंत सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी ‘सेटल्ड’ असे सांगेन. मराठीत आपण ‘निकाली’ म्हणतो. वाचणाऱ्याला वाटते की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, आक्षेप मान्य झाला आणि चूक दुरुस्त झाली. दुसरी, संस्थेने खुलासा केला, पुरावा दाखवला आणि आक्षेपच चुकीचा होता असे ठरले. आणि तिसरी, मुदत संपत आली, हवा तो कागद मिळाला नाही, म्हणून आक्षेप पुढे रेटता आला नाही. पहिल्या दोन प्रकारांत प्रश्न खरोखर मिटलेला असतो. तिसऱ्यात फक्त तो विचारणे थांबलेले असते. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला संख्याशास्त्राचा जो पेपर असतो, त्यात पहिल्या काही तासांतच शिकवतात की एखादे गृहीतक नाकारता आले नाही याचा अर्थ ते सिद्ध झाले असा होत नाही. ‘आक्षेप निराधार ठरला’ आणि ‘आक्षेप सिद्ध करता आला नाही’ या दोन वाक्यांतही तेवढेच अंतर आहे. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की ते अंतर फाईलीतून कायमचे नाहीसे होते.

हे अंतर किती महागात पडू शकते ते एका प्रकरणावरून सांगतो. माझी नेमणूक तेव्हा ओडिशात होती. तेथील एका केंद्रीय स्वायत्त संस्थेच्या २०१८-१९ च्या लेख्यांची तपासणी माझ्या देखरेखीखालील पथकाकडे आली. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अशा संस्थांच्या कामाचे वेळापत्रक सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये घालून दिलेले आहे. वार्षिक लेखे ३० जूनपर्यंत लेखापरीक्षेकडे द्यायचे, लेखापरीक्षा अहवाल प्रमाणपत्रासह ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा, आणि सारे काही ३१ डिसेंबरपर्यंत संसदेत मांडण्यासाठी पाठवायचे. म्हणजे तपासणी, मेमो, संस्थेची उत्तरे, समारोपाची बैठक, मसुदा आणि मुख्यालयाची मान्यता या सगळ्यासाठी हातात चार महिने. ‘मुदत संपली म्हणून सोडले’ हा तिसरा प्रकार कोठून जन्मतो हे यावरून कळेल.

या संस्थेने एक दुमजली प्रशिक्षण भवन बांधून घेतले होते. काम एका सरकारी बांधकाम यंत्रणेला दिले होते आणि त्यासाठी ८ कोटी रुपये आगाऊ भरले होते. याला ‘डिपॉझिट वर्क’ म्हणतात: पैसे संस्थेचे, काम यंत्रणेचे, आणि झालेल्या खर्चाचा हिशेब यंत्रणा ‘फॉर्म ६५’ या विवरणपत्रात कळवते. त्या विवरणपत्राप्रमाणे ३१ मार्च २०१९ पर्यंत ७.२० कोटी खर्च झाले होते आणि इमारत पूर्ण होऊन वापरातही आली होती. संस्थेच्या ताळेबंदात मात्र पूर्ण ८ कोटी अद्याप ‘आगाऊ रक्कम’ म्हणूनच उभे होते. इमारत डोळ्यांसमोर उभी, पण पुस्तकात तिचा पत्ता नाही. डिपॉझिट वर्कच्या बाबतीत ही चूक वरचेवर आढळते आणि ओळखायला सोपी असते. आगाऊ रकमांची यादी आणि फॉर्म ६५ शेजारी शेजारी ठेवले की काम झाले.

एवढ्यावर भागले असते तर लिहिण्यासारखे काही नव्हते. इमारत पुस्तकात घेतली की तिच्यावर घसारा लावावा लागतो आणि घसारा लावताना ती वापरात कधी आली ही तारीख लागते. संस्थेचे लेखाधोरण असे होते की आयकर नियमांतील दराने, म्हणजे या इमारतीसाठी १० टक्के, घसारा लावायचा, आणि मालमत्ता त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्मा. वर्षअखेरीपासून मागे मोजत गेले तर ही सीमारेषा ३ ऑक्टोबरला येते. त्या दिवशी किंवा आधी वापर सुरू झाला असेल तर घसारा ७२ लाख, नंतर झाला असेल तर ३६ लाख. आणि त्या वर्षी संस्थेने दाखवलेले आधिक्य होते ५२ लाख. इमारत स्वतःच्या सल्लासेवेच्या उत्पन्नातून बांधलेली होती, त्यामुळे अनुदानातून घसाऱ्याची भरपाई होण्याचाही प्रश्न नव्हता. एका तारखेने संस्था १६ लाख आधिक्यात राहत होती आणि दुसरीने २० लाख तुटीत जात होती.

संस्थेकडे ताबापावती होती, २२ ऑक्टोबर २०१८ ची. कागद अस्सल होता, दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. त्यावर थांबलो असतो तर कोणी दोष दिला नसता. पण आमच्या पथकातील सहायक लेखापरीक्षा अधिकारी त्याच राज्यातला होता आणि त्याने जाता येता इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्याचे रजिस्टर चाळले. ते ओडियात होते, त्यामुळे आमच्यापैकी बाकी कोणाला त्याचा उपयोग झाला नसता. त्यात १ ऑक्टोबरपासून प्रशिक्षणार्थींची एक तुकडी रोज आत येत असल्याच्या नोंदी होत्या. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १८२ दिवस होतात. तुकडीचे हजेरीपत्रकही त्याने मिळवले आणि दोन्ही जुळत होते.

समारोपाच्या बैठकीत संस्थेचे लेखाधिकारी म्हणाले, “सर, ती तुकडी केवळ तळमजल्यावर बसवली होती. वर काम चालू होते.” हे खरे असेल तर पूर्ण इमारतीवर पूर्ण वर्षाचा घसारा मागणे रास्त नव्हते. पण त्याला आधार म्हणून त्यांच्यापाशी एकही कागद नव्हता. मजलानिहाय खर्च आणि वरच्या मजल्याच्या पूर्ततेची तारीख बांधकाम यंत्रणेकडे असणार, ती मागवतो, असे त्यांनी सांगितले. ऑक्टोबर उजाडला तरी ती आली नाही.

येथे आमच्यात मतभेद झाला आणि तो नोंदवण्याजोगा आहे. आमचे वरिष्ठ लेखापरीक्षा अधिकारी निवृत्तीला आलेले, तीस-पस्तीस वर्षे आकड्यांत मुरलेले गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे की वापर १ ऑक्टोबरला सुरू झाला हे सिद्ध आहे, तो अर्धवट होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेची आहे, तिने ते केले नाही, म्हणून ७२ लाख लिहावेत. माझे म्हणणे असे की ३६ लाख ही रक्कम कोणतीही तारीख धरली तरी निर्विवाद आहे. त्यापुढची रक्कम शक्य आहे, पण किती ते आज आपल्याला ठाऊक नाही. प्रमाणपत्राखाली सही करताना जे ठाऊक नाही ते आकड्यात लिहू नये. अखेर अहवालात टिप्पणी गेली ती अशा अर्थाची: आगाऊ रकमा ७.२० कोटींनी जास्त, स्थिर मालमत्ता ६.८४ कोटींनी कमी, आणि घसारा ‘किमान’ ३६ लाखांनी कमी दाखवल्यामुळे आधिक्य तेवढ्याने जास्त दाखवले गेले आहे. उरलेला प्रश्न संस्थेच्या प्रमुखांना पाठवायच्या मॅनेजमेंट लेटरमध्ये घातला.

मग क्लोजिंग मेमो लिहायची वेळ आली. पहिला मसुदा आला त्यात या मुद्द्यापुढे लिहिले होते: ‘समारोपाच्या बैठकीतील चर्चेनंतर ३६ लाखांपुरता मुद्दा अहवालात घेतला, उर्वरित निकाली.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, आशयाने साफ चूक. उर्वरित काहीच निकाली निघाले नव्हते. मी ते टिपण परत पाठवले आणि या मुद्द्यासाठी चार प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगितली. आज आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि ते कार्यपत्रांच्या कोणत्या पानावर आहे? काय माहीत नाही? कोणता कागद आला म्हणजे ते कळेल आणि तो कोणाकडे आहे? आणि तो कागद नसताना आज जो निर्णय घेतला तो कोणी घेतला, कोणत्या कारणाने?

सुधारलेल्या टिपणात हा मुद्दा पाऊण पानाचा झाला. त्यात तिन्ही गोष्टी होत्या: ताबापावती, पहारेकऱ्याचे रजिस्टर त्याच्या इंग्रजी भाषांतरासह, आणि हजेरीपत्रक, प्रत्येकाचा पान क्रमांक घालून. ‘मजलानिहाय खर्चाचे विवरण व वरच्या मजल्याच्या पूर्ततेचे पत्र बांधकाम यंत्रणेकडून मिळाल्यास मुद्दा निर्णायकपणे सुटेल’ हे वाक्य होते. घसारा ३६ ते ७२ लाखांच्या दरम्यान कोठेही असू शकतो हेही होते. आणि वरिष्ठ लेखापरीक्षा अधिकाऱ्यांचे वेगळे मत त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या सहीनिशी, आणि त्याखाली माझा निर्णय माझ्या सहीनिशी होता. त्यांनी विचारले होते, “सर, माझे मत ठेवायचे की काढून टाकू? निर्णय तर झाला.” मी म्हटले, ते राहू द्या. जुने मसुदे आणि खाडाखोडीची पाने फाईलीत ठेवण्याची गरज नसते, हे मानकेही मान्य करतात. पण तपासणाऱ्यांत महत्त्वाच्या मुद्द्यावर मतभेद झाला आणि तो अमुक रीतीने मिटवला, ही गोष्ट मसुद्यात मोडत नाही, ती पुराव्यात मोडते.

येथे सह्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण क्लोजिंग मेमोचा तिसरा भाग म्हणजे सह्या, आणि तो सर्वांत अधिक निर्जीव झालेला भाग आहे. सहायक, वरिष्ठ, मग गट-अधिकारी अशा एकाखाली एक तीन सह्या असतात आणि शेजारी ‘पाहिले’ असा शेरा असतो. या सह्या खऱ्या आहेत की केवळ उमटलेल्या आहेत हे ओळखण्याच्या माझ्या दोन साध्या कसोट्या आहेत. पहिली तारखांची. तिन्ही सह्या एकाच दिवशीच्या असतील, किंवा सहीची तारीख एखाद्या पुराव्याच्या पावतीच्या तारखेआधीची असेल, तर सही करणाऱ्याने तो पुरावा पाहिलेला असणे शक्य नाही. दुसरी कसोटी प्रश्नांची. ज्याने खरोखर वाचले त्याने निदान एखादा प्रश्न विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर व ते उत्तर पटल्याची खूण फाईलीत असते. दोनशे पानांच्या फाईलीवर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत आणि एकही प्रश्न नाही, असे दिसले की मी ती फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो. आता आमच्या खात्यात ‘ओआयओएस’ ही संगणकीय प्रणाली आली आहे. तिच्यात कोणी कधी मान्यता दिली याची वेळ आपोआप उमटते. त्यामुळे पहिली कसोटी सोपी झाली. दुसरी होती तशीच आहे. बटण दाबल्याची वेळ यंत्र सांगते, वाचल्याची सांगत नाही.

आता पुढे काय झाले ते. २०१९-२० च्या लेख्यांची तपासणी महामारीमुळे लांबली आणि पथक संस्थेत पोहोचले ते जानेवारी २०२१ मध्ये. पथक नवे होते, मीही तोवर तेथून बदलून गेलो होतो. नव्या पथकाने जुना क्लोजिंग मेमो वाचला आणि पहिल्याच दिवशी नेमके ते एक पत्र मागितले. यंत्रणेकडून ते तोवर आलेले होते आणि दुसऱ्याच एका फाईलीत लागलेले होते. पायासह तळमजल्याचा खर्च ४ कोटी, वरच्या मजल्याचा ३.२० कोटी, आणि वरच्या मजल्याला वीज मिळाली ती १५ नोव्हेंबर २०१८ रोजी. म्हणजे तळमजल्यावर पूर्ण वर्षाचे ४० लाख, वरच्या मजल्यावर निम्म्या दराने १६ लाख, एकूण ५६ लाख. लेखाधिकारी खरे बोलत होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे ७२ लाख नव्हते आणि केवळ ३६ लाखही नव्हते. मूळच्या ५२ लाखांच्या आधिक्याच्या जागी ४ लाखांची तूट होती. राहिलेले २० लाख संस्थेने पूर्वकालीन बाब म्हणून पुस्तकात घेतले. मुद्दा आता खरोखर, पहिल्या अर्थाने, निकाली निघाला.

गोष्ट तेथेही संपली नाही. २०२२ मध्ये कोणीतरी तक्रार केली की लेखापरीक्षकांनी ७२ लाखांचा आक्षेप संस्थेशी संगनमत करून ३६ लाखांवर आणला. तक्रारदाराच्या हाती मूळ ऑडिट मेमोची प्रत होती, त्यात ७२ हा आकडा होता, आणि अंतिम अहवालात ३६. दोन कागद शेजारी ठेवून पाहणाऱ्याला संशय यावा असेच ते दृश्य होते. चौकशीचे पत्र गेले ते त्या तरुण सहायक अधिकाऱ्याला, कारण ऑडिट मेमोवर सही त्याची होती. तोवर तो दुसऱ्या राज्यात होता, वरिष्ठ अधिकारी निवृत्त झाले होते. ज्याने पहारेकऱ्याचे रजिस्टर शोधून काढले, त्याच्याकडेच आता संगनमताचा खुलासा मागितला जात होता. आणि पदोन्नतीच्या वर्षात असे पत्र आले की ते चुकीचे ठरेपर्यंतसुद्धा माणसाचे नुकसान होते.

त्याने मला फोन केला तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले की आठवणीवर काही लिहू नकोस, क्लोजिंग मेमोचा परिच्छेद आणि पान क्रमांक लिही. त्याचे उत्तर दीड पानाचे होते. आकडा कोणी कमी केला, तर गट-अधिकाऱ्याने, म्हणजे मी. का केला, ते माझ्याच शब्दांत आणि त्याच तारखेचे. विरुद्ध मत कोणाचे होते, तेही तेथेच. उरलेला प्रश्न दडपला का, तर नाही, तो मॅनेजमेंट लेटरमध्ये आहे आणि पुढल्या वर्षी सुटलाही. चौकशी पुढे गेली नाही. ‘उर्वरित निकाली’ हे तीन वर्षांपूर्वीचे वाक्य तसेच राहिले असते तर याच मुलाला चर्चेत काय झाले हे स्मरणातून सांगावे लागले असते, आणि त्याचे स्मरण खरे मानण्याचे कोणावर काहीच बंधन नव्हते.

लेखापरीक्षेच्या मानकांत कागदपत्रांची जी कसोटी सांगितली आहे ती अशी की या कामाशी पूर्वी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला फाईल वाचून कळले पाहिजे की काय तपासले, काय आढळले, आणि महत्त्वाच्या निर्णयांमागे कोणता विचार होता. अहवालाच्या तारखेनंतर साधारणपणे ६० दिवसांच्या आत फाईल पक्की करावी आणि पुढे तिच्यातून काही काढू नये, असेही सनदी लेखापालांचे मानक सांगते. पुढे काही घालावे लागले तर कोणी, कधी आणि का घातले ते लिहून घालावे. केंद्रीय सेवेत आम्ही दर तीन-चार वर्षांनी राज्य बदलतो, भाषा बदलते, सहकारी बदलतात. तो ‘पूर्वी काहीही संबंध नसलेला’ वाचक आमच्या बाबतीत काल्पनिक नसतो, पुढच्या वर्षीच खुर्चीवर येऊन बसतो.

असो. माझ्या पथकांना मी अलीकडे ‘निकाली’ हा शब्द एकट्याने वापरू देत नाही. ‘दुरुस्ती होऊन निकाली’, ‘पुराव्याने निराधार ठरून निकाली’ किंवा ‘पुराव्याअभावी न सुटलेला, अमुक कागद आल्यास सुटेल’ यांपैकी एक लिहावे लागते. तिसरा पर्याय लिहिताना लोक अजून अडखळतात, कारण त्यात आपले काम अपुरे राहिल्यासारखे दिसते. गेल्या आठवड्यात आलेल्या एका टिपणात अकरा मुद्द्यांपैकी चार या तिसऱ्या प्रकारात मांडलेले होते आणि प्रत्येकापुढे कोणता कागद, कोणाकडे, हे नमूद होते. मी त्यांतल्या दोन मुद्द्यांवर प्रश्न विचारून फाईल परत पाठवली आहे. उत्तरे आली की सही करीन.